दुखणे थांबते तेव्हा खांदा कुठे असतो?

प्रश्न : «माझे वय १९. क्षेत्ररक्षण करताना झेप घेतली आणि उजवा खांदा निखळला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन साडेचार महिने झाले. आता अजिबात दुखत नाही, तरी फिजिओ पूर्ण ताकदीने थ्रो करू देत नाहीत. खरे सांगायचे तर, हात मागे नेला की मलाच वाटते की पुन्हा निखळेल. श्रेयस अय्यर यापेक्षा फार जास्त वेळ न घेता परतला होता. माझे काही चुकते आहे का? हा खांदा पुन्हा पहिल्यासारखा होईल का?»

तुमच्या मजकुरात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. खांदा आतून किती भरून आला आहे ही एक, आणि तुमचा त्याच्यावर किती विश्वास बसला आहे ही दुसरी. या दोन्ही एकाच तारखेला तयार होत नाहीत. बहुतेक मुलांच्या बाबतीत त्यांच्यामध्ये काही आठवडे जातात आणि सगळा गोंधळ त्याच आठवड्यांत होतो. मी अनेक वर्षे खेळाडूंचा फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि माझ्याकडे आलेल्या क्रिकेटपटूंपैकी एकाचे महिने तुमच्या महिन्यांशी बरेच जुळतात. म्हणून नाव न सांगता त्याचीच हकीकत सांगतो.

त्याआधी एक मर्यादा स्पष्ट करतो. तुमचा खांदा मी पाहिलेला नाही. तो पहिल्यांदाच निखळला होता की आधीही निखळत होता, उखळीच्या कडेचे हाड झिजले किंवा तुटले होते का, डॉक्टरांनी फक्त फाटलेली कड टाके घालून बसवली की हाडाचा तुकडाही बसवला, या प्रत्येक गोष्टीने वेळापत्रक बदलते. श्रेयस अय्यरचे उदाहरण याच कारणाने जपून वापरावे. २०२१ च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्याचा खांदा निखळला, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये तो आयपीएलमध्ये खेळला. पण तो डावा खांदा होता आणि अय्यर चेंडू उजव्या हाताने फेकतो. फेकण्याचा हात आणि दुसरा हात यांच्या वेळापत्रकांत महिन्यांचा फरक पडू शकतो, कारण बॅट धरणाऱ्या किंवा झेल घेणाऱ्या खांद्याला थ्रो करणाऱ्या खांद्याएवढे मागे जावे लागत नाही. तुम्ही स्वतःची तुलना ज्या परतण्याशी करत आहात ते निराळ्या हाताचे आहे.

आता त्या मुलाकडे येतो. तोही १९ वर्षांचा, मधल्या फळीतला फलंदाज आणि पॉइंटवरचा क्षेत्ररक्षक. उजवीकडे झेपावला, हात पसरलेला असतानाच जमिनीवर आपटला आणि खांदा पुढच्या बाजूला निखळला. खांद्याची उखळी फार उथळ असते. तिच्या काठावर लॅब्रम नावाची कूर्चेसारखी चिवट कड असते, जी उखळीला थोडी खोली देते आणि सांध्याचे बंध धरून ठेवते. खांदा पुढे निखळताना ही कड पुढून आणि खालून सुटते. त्याच्या शस्त्रक्रियेत ती हाडात बसवलेल्या, टाके धरून ठेवणाऱ्या तीन छोट्या अँकरच्या साहाय्याने पुन्हा हाडाशी बांधली गेली.

पहिल्या सहा आठवड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तेव्हा काय करायचे यापेक्षा काय टाळायचे हेच महत्त्वाचे असते. हात झोळीत, कोपर आणि मनगट हलवायचे, हात बाहेरच्या दिशेने ठरलेल्या अंशांपलीकडे फिरवायचा नाही. या काळात कड हाडाला फक्त टाक्यांनी धरलेली असते. हळूहळू तिथे नवा तंतुमय जोड तयार होतो आणि साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास तो व्यायामाचा भार घेण्याइतका होतो. त्यानंतरही तो कित्येक महिने घट्ट होत राहतो. दुखणे मात्र सूज उतरल्यावर, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी थांबते. तुमच्या गोंधळाचे पहिले कारण मला इथे दिसते. न दुखणे याचा अर्थ दाह थांबला एवढाच होतो आणि जोड किती मजबूत झाला याविषयी ते काही सांगत नाही. त्या मुलालाही नवव्या आठवड्यात काहीच दुखत नव्हते आणि त्याच आठवड्यात त्याने मला विचारले होते की आपण आता उगाच वेळ घालवत तर नाही ना.

त्याची पहिली शंका ही अशी, कंटाळ्यातून आलेली होती. रबरी पट्टा ओढायचा, पालथे झोपून हात उचलायचा, भिंतीवर पंजे टेकवून खांद्याची पाती सरकवायची, हे ज्याने सामने खेळले आहेत त्याला बालिश वाटते. मी त्याला समजावत बसलो नाही, मोजमाप दाखवू लागलो. आमच्याकडे हातात धरून स्नायूची ताकद मोजण्याचे एक छोटे यंत्र असते. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला ढकलताना बाराव्या आठवड्यात त्याच्या उजव्या हाताने ९ किलो दाखवले आणि डाव्याने १४. फेकणारा हात एरवी दुसऱ्यापेक्षा थोडा तरी ताकदवान असतो, म्हणजे प्रत्यक्षातली तूट दिसत होती त्याहून मोठी होती. सोळाव्या आठवड्यात उजवा ११ वर आला, विसाव्यात १४ वर. त्या वहीतले आकडे तो माझ्यापेक्षा बारकाईने पाहू लागला, आणि «वेळ फुकट जातो आहे» हे वाक्य मला पुन्हा ऐकू आले नाही.

ही ताकद बाहेरच्या दिशेने का मोजतो, हे तुम्हाला माहीत असायला हवे. थ्रो करताना चेंडू हातातून सुटला तरी हात पुढे धावतच असतो आणि त्याला थांबवण्याचे काम खांद्याच्या मागच्या बाजूचे लहान स्नायू करतात. ते गाडीच्या ब्रेकसारखे काम करतात. छाती आणि पाठीचे मोठे स्नायू लवकर परत येतात, त्यामुळे वेग देण्याची क्षमता लवकर येते आणि थांबवण्याची मागे राहते. तुमच्या फिजिओंनी पूर्ण ताकदीचा थ्रो अडवून धरला असेल तर बहुधा त्यांना हीच तफावत दिसत असावी. त्यांना नेमके विचारा, «माझ्या दोन्ही हातांचे आकडे किती आहेत, आणि बाहेर ढकलण्याची ताकद आत ओढण्याच्या ताकदीच्या किती प्रमाणात आहे?» मी स्वतः हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास आल्याशिवाय लांब थ्रो सुरू करत नाही.

सतराव्या आठवड्यात, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने, आम्ही चेंडू हातात घेतला. सुरुवात १० मीटरपासून, पंधरा-पंधरा थ्रोच्या दोन फेऱ्या, एक दिवस फेकायचे आणि एक दिवस विश्रांती. एक अंतर दोन वेळा विनातक्रार पार पडले तरच पुढचे घ्यायचे. १५, २०, ३०, ४०, ५० मीटर, असा तो क्रम होता. कागदावर हे सोपे दिसते. तुम्ही लिहिलेली भीती नेमकी इथे त्याच्यापुढे उभी राहिली.

२० मीटरला त्याचे थ्रो अचूक होते, पण मला काहीतरी खटकत होते. बाजूने मोबाइलवर चित्रण केले तेव्हा दिसले की त्याचे कोपर खांद्याच्या रेषेखाली राहते आहे आणि हात मागे पूर्ण जाण्याआधीच पुढे येतो आहे. तो हात वाचवून फेकत होता. त्याला स्वतःला याचा पत्ताही नव्हता. हे वाचवणे निरुपद्रवी नसते, कारण खांद्याने न केलेले काम कोपराच्या आतल्या बाजूवर येते आणि महिनाभराने मुलगा कोपराची तक्रार घेऊन येतो. मी विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, «सर, हात मागे गेला की तो क्षण आठवतो. खांदा निघाल्याचा आवाज ऐकू येतो.»

ही शंका आकड्यांनी जात नाही. पण ती कुठून येते आहे हे तपासता येते आणि तपासलेच पाहिजे, कारण हात मागे नेताना वाटणारी भीती कधी जुनी आठवण असते, तर कधी खांदा खरोखरच सैल असल्याची सूचना असते. मी त्याला पाठीवर झोपवले, हात बाजूला खांद्याच्या रेषेत, कोपर काटकोनात, आणि त्याचे मनगट हळूहळू डोक्याच्या बाजूला मागे नेले. या चाचणीत मी दुखते का हे फारसे विचारत नाही, चेहरा आणि छातीचा स्नायू पाहतो. खांदा सैल असेल तर ठरावीक कोनाला रुग्ण एकदम आखडतो, हात ओढून घेतो, «निघेल» म्हणतो, आणि मी बाहूचे डोके पुढून हलके मागे दाबून धरले की तीच भीती ओसरते. दर वेळी, त्याच कोनाला. या मुलाच्या बाबतीत हात हळू नेला तेव्हा काहीच झाले नाही, तो शांत पडून होता. उभे राहून वेगाने हात मागे न्यायला सांगितले तेव्हा मात्र कोन गाठण्याच्या कितीतरी आधी तो आक्रसला. सांध्याने तक्रार करण्याआधीच भीती येत होती, म्हणून ती आठवणीची आहे असे मी धरले. ही चाचणी स्वतःवर किंवा मित्राकडून करून पाहू नका. ती तुमच्या फिजिओंनी किंवा डॉक्टरांनीच करायची आहे.

आठवणीच्या भीतीवर उपाय एकच, त्या जागेवर वारंवार आणि सुरक्षितपणे जाणे. दोन आठवडे आम्ही थ्रोचे अंतर वाढवले नाही. तो पालथा झोपून, हात बाजूला लोंबता ठेवून, छोटा वजनदार चेंडू सोडायचा आणि पडायच्या आत पकडायचा. पाठीवर झोपून, डोळे मिटून, हात थ्रोच्या स्थितीत ठेवायचा आणि मी त्याचे मनगट कोणत्याही दिशेने अचानक हलके ढकलायचो, त्याने हात जागेवरून हलू द्यायचा नाही. शेवटी गुडघ्यावर बसून १० मीटरचे थ्रो, पण कोपर खांद्याइतके वर ठेवून. पहिल्या दिवशी तिसाव्या सेकंदाला त्याच्या कपाळावर घाम होता. दहाव्या दिवशी तो त्याच स्थितीत हात ठेवून माझ्याशी संघनिवडीवर वाद घालत होता. मग चित्रण पुन्हा केले. कोपर वर आले होते.

एकविसाव्या आठवड्यात मात्र खरोखरचा अडथळा आला. सकाळी सातला त्याचा फोन आला. खांदा दुखतो आहे, अँकर सुटला, सगळे संपले. आवाजावरून तो रात्रभर जागा असावा. तो आला तेव्हा मी आधी बोटाने जागा दाखवायला सांगितली. दुखणे पुढे नव्हते, मागे आणि बाहेरच्या बाजूला खोल होते, म्हणजे ब्रेकच्या स्नायूंच्या जागी. मागे नेण्याच्या चाचणीत भीती नव्हती. सटकल्याची, अडकल्याची किंवा हात क्षणभर निर्जीव झाल्याची भावना नव्हती. पण बाहेर ढकलण्याची ताकद १४ वरून ११.५ वर आली होती. मग आदल्या दिवशीचे थ्रो मोजले. ३० मीटरचे ४० थ्रो ठरलेले होते आणि ते त्याने ४० च केले होते. मात्र त्याआधी अंग गरम करताना केलेले थ्रो आणि नंतर झेलांच्या सरावात यष्टिरक्षकाकडे परत केलेले चेंडू त्याने धरलेच नव्हते. आठवून आठवून बेरीज नव्वदच्या पुढे गेली. तीन दिवस चेंडू बंद ठेवला, हलके पट्ट्याचे व्यायाम चालू ठेवले, आणि चौथ्या दिवशी यंत्रावर पुन्हा १४ आले. तो थकवा होता. टाके सुटले असते तर विश्रांतीने आकडा असा परतला नसता, आणि हात मागे नेताना त्याच कोनाला भीती दिसली असती.

तेव्हापासून आम्ही एक साधा नियम पाळला, जो तुम्हालाही उपयोगी पडेल. दिवसभरात हातातून सुटलेला प्रत्येक चेंडू मोजायचा. अंग गरम करताना थोडे दुखले आणि पहिल्या पंधरा थ्रोंत निघून गेले तर त्या दिवशी ठरलेले अंतर तेवढेच ठेवायचे, वाढवायचे नाही. दुखणे गेले नाही तर तिथेच थांबायचे आणि पुढच्या वेळी एक टप्पा खाली यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभराहून अधिक दुखले तर एक दिवस जास्त विश्रांती. सटकल्यासारखे वाटणे, हातात मुंग्या येणे, चेंडू फेकता फेकता हातातील बळ एकाएकी जाणे, यांपैकी काहीही झाले तर मात्र हे नियम लागू नाहीत. सराव बंद करून डॉक्टरांनाच दाखवायचे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला प्रामाणिकपणे द्यायला हवे. «पहिल्यासारखा» याचा अर्थ सामने खेळता येतील असा असेल, तर तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीतले बहुतेक खेळाडू खेळतात. अर्थ अगदी तसाच हात असा असेल, तर कदाचित थोडा फरक राहील. सैल झालेला सांधा घट्ट करणे हाच शस्त्रक्रियेचा हेतू असतो आणि त्या घट्टपणात हात मागे जाण्याचे काही अंश कमी होऊ शकतात. या मुलाचा उजवा हात विसाव्या आठवड्यात डाव्यापेक्षा १० अंश कमी मागे जात होता, तर फेकणाऱ्या हाताने खरे म्हणजे डाव्यापेक्षा थोडे अधिकच मागे जायला हवे. ते अंश ताणून, दाबून मिळवण्याचा मोह त्याला झाला होता आणि मी त्याला कडक शब्दांत अडवले, कारण तो ताण थेट शिवलेल्या कडेवर येतो. थ्रोचा सराव नीट वाढवत नेला की त्यातले बरेचसे अंश आपोआप परततात. त्याचे आठव्या महिन्याअखेर दोन्ही हात सारखे झाले. सीमारेषेवरून पूर्वी त्याचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात थेट जाई, आता तो एक टप्पा घेऊन सपाट जातो. तो त्याला सवयीचा झाला आहे.

सर्वांत शेवटी उरते ती झेप. थ्रोची सगळी तयारी झाल्यावरही, ज्या कृतीत खांदा निखळला तिचा सराव झालेला नसतो आणि पुष्कळ मुले तिचा सराव न करताच सामन्यात उतरतात. आम्ही सातव्या महिन्यात जाड गादीवर गुडघ्यांवरून सुरुवात केली. हात पसरून टेकवायचा नाही, कोपर किंचित वाकवून अंगाजवळ ठेवायचे, छाती आणि मांडीच्या बाजूवरून घसरत जायचे. मग उभे राहून, मग गवतावर, आणि त्यानंतर खऱ्या चेंडूवर. पहिले तीन सामने त्याने पॉइंट सोडून स्लिपमध्ये क्षेत्ररक्षण करावे, असे मी त्याच्या प्रशिक्षकांना सांगितले होते. त्यांनी ते मान्य केले, आणि खरे तर या सगळ्या महिन्यांत मला झालेली सर्वांत मोठी मदत तीच होती, कारण निवडीच्या दडपणाखाली असा खेळाडू स्वतःहून कधीच थांबत नाही.

चौथ्या सामन्यात तो पॉइंटवर उभा राहिला. उजवीकडे आलेल्या एका चेंडूवर तो झेपावला नाही, धावत जाऊन अडवला आणि एक धाव दिली. संध्याकाळी त्याने ते स्वतःच मला सांगितले आणि विचारले की ही भीती की शहाणपण. मी म्हणालो की मला माहीत नाही, पुढच्या आठवड्यात गादीवर पुन्हा वीस झेपा घेऊ आणि बघू.